वॉर्डातून वर्गाकडे: नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरपदासाठी अर्ज करणाऱ्या सिस्टरच्या कव्हर लेटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेल या पट्ट्यातल्या बऱ्याच अनुभवी सिस्टर आता नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून जायचा विचार करताहेत. मी स्वतः बारा वर्षं वॉर्डात काढून शिकवण्याकडे आले. गेली काही वर्षं आमच्याकडे आलेले अर्ज वाचणाऱ्यांमध्ये मीही असते. अर्जासोबतच्या पत्राबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे देते आहे. ती जीएनएम शिकवणाऱ्या स्कूलमधल्या ट्यूटरपदापुरती आहेत, कारण वॉर्डातून येणाऱ्या बहुतेकींना पहिली संधी तिथेच मिळते.

बायोडेटा आहे, सर्टिफिकेटं आहेत. मग वेगळं पत्र कशाला?

बायोडेट्यातून तुम्ही कुठे, किती वर्षं काम केलं ते कळतं. तुम्हाला शिकवता येतं का, ते त्यातून कळत नाही. वॉर्डातून येणाऱ्या सिस्टरच्या बायोडेट्यात 'शिकवण्याचा अनुभव' हा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो. त्या रिकाम्या रकान्याच्या बदल्यात काय आहे, हे सांगायला पत्राखेरीज दुसरी जागा नाही.

माझी वॉर्डात १४ वर्षं झाली. विद्यार्थिनी सतत आमच्याकडे पोस्टिंगला असायच्या. हा सगळा 'टीचिंग एक्सपिरियन्स' म्हणून लिहू का?

लिहू नका. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नर्सिंग शिक्षणात क्लिनिकल अनुभव आणि शिकवण्याचा अनुभव वेगवेगळे मोजले जातात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार स्कूलमधल्या ट्यूटरला बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि त्यासोबत वॉर्डातला अनुभव लागतो. उपप्राचार्य, प्राचार्य या पुढच्या पदांसाठी शिकवण्याचा अनुभव बघतात, आणि तो शिक्षिका म्हणून रुजू झाल्यानंतरच मोजला जातो. म्हणजे ट्यूटरपदासाठी तुमची १४ वर्षं पूर्णपणे उपयोगाची आहेत, फक्त ती 'क्लिनिकल' या नावाखाली.

पत्रात '१४ वर्षांचा अध्यापन अनुभव' असं लिहिलंत आणि अनुभवपत्रावर 'स्टाफ नर्स' असेल, तर वाचणारी व्यक्ती पहिल्याच पानावर थांबते. तपासणी असते तेव्हा शिक्षकांच्या फाइली उघडल्या जातात. मूळ प्रमाणपत्रं आणि अनुभवपत्रांवरच्या तारखा पडताळतात. त्यामुळे कागद आणि पत्र यांचा मेळ नसलेला अर्ज प्राचार्य मॅडम सुरुवातीलाच बाजूला ठेवतात.

विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवणं हे खरं काम आहेच. ते मोठ्या शब्दात न गुंडाळता जसं घडलं तसं लिहा. 'मेडिकल वॉर्डची इन-चार्ज म्हणून पोस्टिंगला आलेल्या जीएनएम विद्यार्थिनींना मी वॉर्डाची ओळख करून देत असे आणि त्यांच्याकडून प्रोसीजर करून घेत असे.' हे वाक्य खरं आहे, तपासता येतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुम्ही विद्यार्थिनींच्या घोळक्यात उभ्या दिसता.

माझं फक्त जीएनएम झालंय, पण अनुभव १८ वर्षांचा आहे. चांगल्या पत्राने काम होईल का?

ट्यूटरपदासाठी होणार नाही. पदवी नसेल तर स्कूलला तुमचं नाव शिक्षकांच्या यादीत दाखवता येत नाही, मग प्राचार्यांच्या मनात कितीही असो. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करा. हे सांगताना वाईट वाटतं, कारण अशा कितीतरी सिस्टरांचे हात आमच्यातल्या काही ट्यूटरांपेक्षा जास्त सराईत असतात.

पहिल्या परिच्छेदात काय यावं?

चार गोष्टी: कोणत्या पदासाठी अर्ज आहे, तुमची पदवी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची स्थिती, आणि क्लिनिकल अनुभव किती व कोणत्या विभागात. तीन-चार वाक्यांत हे सगळं बसतं.

नोंदणीकडे जास्त लक्ष द्या. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक केलं, पण कौन्सिलकडे ती वाढीव पात्रता नोंदवलीच नाही, असं बऱ्याच जणींचं होतं. वॉर्डात त्याने काही अडत नाही, म्हणून राहून जातं. स्कूलमध्ये अडतं. नूतनीकरणाची मुदत संपली असेल तर तेही अर्जाआधी करून घ्या. काम चालू असेल तर 'नूतनीकरणाचा अर्ज केला आहे, पावती सोबत जोडली आहे' असं सरळ लिहा. नवी मुंबईत केरळ आणि इतर राज्यांतून आलेल्या सिस्टर खूप आहेत. त्यांनी आपली नोंदणी महाराष्ट्रात हस्तांतरित झाली आहे का, हे याच परिच्छेदात स्पष्ट करावं.

मधल्या परिच्छेदात सगळ्या जणी 'शिकवण्याची मनापासून आवड आहे' असं लिहितात. मी काय लिहू?

एक प्रसंग लिहा. एकच, पण पूर्ण.

आवड आहे असं कोणीही लिहू शकतं, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. आम्हाला बघायचं असतं की विद्यार्थिनीचं नेमकं काय चुकतंय हे तुम्हाला ओळखता येतं का, ते का चुकलं हे शोधता येतं का, आणि शिकवून झाल्यावर ती खरंच शिकली का हे तुम्ही तपासता का. बऱ्याच अनुभवी सिस्टर मधली पायरी गाळतात. विद्यार्थिनी चुकली की तिच्या हातातून काम घेऊन स्वतः करून टाकतात, 'अशी कर बघू' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. वॉर्डाच्या धबडग्यात ते साहजिक आहे, पण त्यात विद्यार्थिनीचं शिकणं होत नाही.

एका सिस्टरचा अर्ज घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिच्या पहिल्या मसुद्यात मधला परिच्छेद असा होता:

> मी गेली १४ वर्षे रुग्णसेवेत कार्यरत असून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची मला अत्यंत आवड आहे. मी मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर आहे. माझ्या अनुभवाचा फायदा आपल्या संस्थेस होईल, याची मी खात्री देते.

एवढ्या मजकुरात ती सिस्टर दिसतच नाही. मी तिला फोनवर विचारलं, 'विद्यार्थिनींची अशी कोणती चूक आहे, जी तुम्हाला एकदा बघून विसरता आली नाही?' ती लगेच म्हणाली, 'मॅडम, ड्रिपचे थेंब.' मग तिने जे सांगितलं, ते असं.

दुसऱ्या वर्षाच्या आठ विद्यार्थिनी तिच्या मेडिकल वॉर्डात होत्या. एका रुग्णाला ५०० मिली नॉर्मल सलाइन चार तासांत द्यायचं होतं. सकाळी दहाला विद्यार्थिनीने ड्रिप लावली, हिशोब केला आणि मिनिटाला ३१ थेंब ठेवले. बारा वाजता सिस्टर राउंडला आली. बाटलीत अडीचशेच्या आसपास उरायला हवं होतं, पण तीनशेच्या वर होतं. रोलर क्लॅम्प हलला नव्हता, सुई जागेवर होती, हात सुजला नव्हता. थेंब मोजले तर बरोबर ३१ पडत होते. म्हणजे विद्यार्थिनीने ठरवलेला वेगच चुकला होता.

हिशोबाची वही बघितली. गुणाकार-भागाकार अचूक होता. ५०० गुणिले १५, भागिले २४० मिनिटं, उत्तर ३१. चूक त्या १५ मध्ये होती. वॉर्डातल्या सेटच्या पाकिटावर '२० थेंब म्हणजे १ मिली' असं छापलेलं होतं. त्या सेटने ५०० गुणिले २०, भागिले २४०, म्हणजे साधारण ४२ थेंब पडायला हवे होते. विद्यार्थिनीने पाकीट वाचलंच नव्हतं. तिने अभ्यासाच्या पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणातला आकडा पाठ केला होता. सिस्टरने बाकीच्या सात जणींना विचारलं, तर आणखी चौघींचं उत्तर तेच निघालं.

तिचं शिक्षिकापण मला इथे दिसलं. पाच जणींची चूक एकसारखी असेल तर दोष एका मुलीचा नसतो, तो शिकण्याच्या पद्धतीत असतो, हे तिच्या लक्षात आलं. तिने त्या मुलीला सगळ्यांसमोर रागावलं नाही. रुग्णाची ड्रिप दुरुस्त केली, डॉक्टरांना कळवलं, वॉर्डाच्या नियमाप्रमाणे घटनेची नोंद केली. दुसऱ्या दिवशी कामाआधीची पंधरा मिनिटं घेतली, साधा सेट आणि मायक्रोड्रिप सेट अशी दोन पाकिटं टेबलावर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, 'पाकिटावर काय लिहिलंय?' एकावर २०, दुसऱ्यावर ६०. मग प्रत्येकीने स्वतः मोठ्याने वाचायचं, हिशोब करायचा आणि बाटलीला सेट लावून रिकाम्या ट्रेमध्ये थेंब सोडून वेग जमवायचा.

तिसऱ्या दिवशी तिने नवी ऑर्डर दिली: ५०० मिली सहा तासांत, साध्या सेटने. उत्तर साधारण २८ थेंब. आठपैकी सात जणींना ते जमलं. आठवीचा हिशोब बरोबर होता, पण तिने पंधरा सेकंदांतच २८ थेंब पाडले, म्हणजे चौपट वेग. तिला घड्याळ हातात देऊन पूर्ण मिनिट मोजायला बसवलं, दोनदा करून घेतलं, तेव्हा जमलं.

ही सगळी हकीकत तिच्याकडे पहिल्यापासून होती. पहिला मसुदा लिहिताना तिला वाटलं होतं की अर्जात असलं रोजचं काही लिहायचं नसतं.

मग शेवटी तिचं पत्र कसं झालं?

असं. याच्या नकला करू नका. बांधणी बघा आणि स्वतःचा प्रसंग लिहा.

> प्रति,
> मा. प्राचार्य,
> नर्सिंग स्कूल, नवी मुंबई
>
> विषय: ट्यूटर (मेडिकल-सर्जिकल नर्सिंग) या पदासाठी अर्ज
>
> महोदया,
>
> आपल्या संस्थेच्या जाहिरातीनुसार मी ट्यूटर या पदासाठी अर्ज करीत आहे. माझे जीएनएम व पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग झाले असून दोन्ही पात्रता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेल्या आहेत व नोंदणी चालू आहे. मला एकूण १४ वर्षांचा क्लिनिकल अनुभव आहे: ५ वर्षे अतिदक्षता विभाग व ९ वर्षे पुरुष मेडिकल वॉर्ड, त्यापैकी शेवटची ४ वर्षे इन-चार्ज म्हणून. सेवेच्या मधली २ वर्षे मी पोस्ट बेसिकची नियमित विद्यार्थिनी होते.
>
> नर्सिंग स्कूलमध्ये नियुक्ती होऊन शिकवण्याचा अनुभव मला नाही. मात्र इन-चार्ज असताना वॉर्डात पोस्टिंगला येणाऱ्या जीएनएम दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींकडून प्रोसीजर करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा सलाइनचा वेग ठरवताना आठपैकी पाच विद्यार्थिनींनी सेटच्या पाकिटावरील २० ऐवजी पुस्तकातील उदाहरणातला १५ हा आकडा धरला. बाटलीत अपेक्षेपेक्षा जास्त द्रव उरल्याने हे राउंडमध्ये लक्षात आले, वेग लगेच दुरुस्त केला व रुग्णास त्रास झाला नाही. त्यांचे गणित बरोबर होते. पाकीट वाचण्याची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी दोन प्रकारचे सेट समोर ठेवून प्रत्येकीकडून पाकीट वाचून घेतले, हिशोब करून घेतला व ट्रेमध्ये थेंब सोडून वेग जमवायला लावला. तिसऱ्या दिवशी नवीन ऑर्डर दिली असता सात जणींना ती जमली. आठवी पंधरा सेकंदांची मोजणी मिनिटाची समजत होती. तिच्याकडून पूर्ण मिनिट मोजून पुन्हा करून घेतले. त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीसाठी मी पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी हा सराव ठेवला.
>
> नर्सिंग फाउंडेशन व मेडिकल-सर्जिकल नर्सिंग हे विषय, स्किल लॅबमधील प्रात्यक्षिके आणि वॉर्डातील क्लिनिकल सुपरव्हिजन यांची जबाबदारी मी घेऊ शकेन. लेसन प्लॅन व प्रश्नपत्रिका मी पोस्ट बेसिकच्या अभ्यासक्रमात केल्या आहेत. संस्थेच्या पद्धतीनुसार त्या करण्यास मला सुरुवातीला वरिष्ठ शिक्षिकांचे मार्गदर्शन लागेल.
>
> मी कळव्यास राहते व सकाळच्या क्लिनिकल पोस्टिंगसाठी विद्यार्थिनींच्या आधी वॉर्डात हजर राहू शकते. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागेल. डेमो लेक्चरसाठी आपण द्याल त्या विषयावर तयारी करून येईन.
>
> आपली विश्वासू

'शिकवण्याचा अनुभव मला नाही' असं स्वतःहून का लिहायचं? त्याने नुकसान नाही का होणार?

ते बायोडेट्यात दिसतंच. तुम्ही स्वतः सांगितलंत की वाचणाऱ्याचा पुढच्या 'मात्र'वर विश्वास बसतो. लेसन प्लॅनबद्दल लिहिलेलं वाक्यही तसंच आहे. वॉर्डातून आलेल्या सिस्टरला पहिल्या महिन्यात जड जातं ते कागदी काम: मास्टर रोटेशन प्लॅन, क्लिनिकल रोटेशन, इंटर्नल असेसमेंटचे गुण, प्रत्येक विद्यार्थिनीचं प्रोसीजर बुक. हे प्राचार्यांना ठाऊक असतं. ज्या सिस्टरला ते आधीच माहीत आहे, तिला शिकवून तयार करणं सोपं जातं. 'मला सगळं येतं' लिहिणारीबद्दल मात्र आम्हाला काळजी वाटते.

प्रसंगात रुग्ण येतो, चूक येते. गोपनीयतेचं काय?

रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, तारीख किंवा ओळख पटेल असं निदान काहीच लिहायचं नाही. विद्यार्थिनीचं नाव नाही, तिच्या स्कूलचंही नाही. चूक घडली तेव्हा तिची नोंद झाली असेल तरच तो प्रसंग निवडा. दडवलेली चूक पत्रात लिहाल तर मुलाखतीत पहिला प्रश्न 'तेव्हा रिपोर्ट केलं होतं का?' हाच येईल, आणि तो विचारायलाच हवा. स्वतःच्या हॉस्पिटलची उणीदुणीही काढू नका. 'आमच्याकडे स्टाफ कमी, म्हणून मुलींकडूनच सगळं करून घेतात' हे खरं असलं तरी अर्जात त्याला जागा नाही.

माझं काम ऑपरेशन थिएटरमध्ये झालं, किंवा बाळंतपणाच्या विभागात. मला असा प्रसंग कुठून मिळणार?

विषय बदलतो, शोधायची रीत तीच राहते. विद्यार्थिनी कुठे हमखास चुकतात आणि त्यामागचं कारण काय, हे आठवा. थिएटरमध्ये हात धुऊन आल्यावर कोपर हातापेक्षा वर जातं आणि पाणी स्वच्छ भागाकडे ओघळतं. प्रसूतिकक्षात पार्टोग्राफवर वेळेच्या रेषेवर खूण करायला विसरतात, मग सगळा आलेख सरकतो. कचऱ्याच्या रंगीत पिशव्यांची गोष्टही तशीच: तक्ता तोंडपाठ असतो, पण सुई लावलेली सिरिंज हातात आली की सुई पांढऱ्या डब्यात आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत हे वेगळं करायचं सुचत नाही. यातला जो प्रसंग तुम्ही स्वतः हाताळला असेल, तोच लिहा. ऐकीव प्रसंग मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

'शिकवायला का यायचंय' या प्रश्नाचं उत्तर पत्रात द्यायचं का? खरं कारण नाइट ड्युटी आणि पाठदुखी आहे.

त्यात लाजण्यासारखं काही नाही. निम्म्याहून जास्त जणींच्या मनात ते असतं आणि आम्हालाही ते कळतं. पण पत्रात ते लिहून जागा घालवू नका. प्रसंग नीट लिहिला असेल तर कारण त्यातच आलेलं असतं. मुलाखतीत विचारलं तर खरं सांगा आणि लगेच दुसरं खरंही सांगा: ट्यूटरही सकाळी वॉर्डात विद्यार्थिनींसोबत चार-चार तास उभी असते आणि कम्युनिटी पोस्टिंगला उन्हात घरोघर फिरते. हे माहीत आहे हे तुमच्या बोलण्यातून कळू द्या. फक्त खुर्चीचं काम समजून आलेल्या सिस्टर काही महिन्यांत परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि सत्राच्या मध्येच ट्यूटर गेली की दहा-दहा मुलींचं क्लिनिकल सुपरव्हिजन अधांतरी राहतं.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत असेल, त्या भाषेत. महानगरपालिका किंवा सरकारी संस्थांची जाहिरात मराठीत असेल तर मराठीत. नवी मुंबईतल्या बहुतेक खासगी स्कूलच्या जाहिराती इंग्रजीत असतात, अध्यापनही इंग्रजीत चालतं, तिथे पत्र इंग्रजीत हवं. तरीही प्रसंग आधी मराठीत लिहून काढा, म्हणजे तो आटोपशीर आणि खरा उतरतो, आणि मग इंग्रजीत न्या. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप छापील वाक्यांकडे वळतो. मराठी येणं ही इथे वेगळी जमेची बाजू आहे. ठाणे जिल्ह्यातल्या विद्यार्थिनींपैकी बऱ्याच जणी मुरबाड-शहापूरकडून मराठी माध्यमातून आलेल्या असतात. इंग्रजी संज्ञा तुम्ही त्यांना मराठीत समजावून सांगू शकत असाल, तर त्यावर एक वाक्य जरूर लिहा.

पगाराची अपेक्षा लिहायची का?

जाहिरातीत विचारलं असेल तर आकडा लिहा, नाहीतर नको. आधीच सांगून ठेवते: अतिदक्षता विभागात दहा वर्षं काढलेल्या सिस्टरला खासगी स्कूलमध्ये सुरुवातीला वॉर्डापेक्षा कमी पगार मिळू शकतो. अर्ज करण्याआधी घरी बसून हिशोब करा.

एका ठिकाणी म्हणाले, 'रोज यायची गरज नाही, फक्त कागदपत्रं द्या, नाव लावू.' हे चालतं का?

अजिबात नाही. मला स्वतःला पोस्ट बेसिक झाल्या झाल्या असा फोन आला होता आणि क्षणभर मोहही झाला होता, कारण दरमहा घरबसल्या पैसे मिळणार होते. मी नाही म्हटलं. एका माणसाचं नाव एकाच वेळी हॉस्पिटलच्या हजेरीपत्रकावर आणि स्कूलच्या शिक्षकांच्या यादीत असेल तर ते कधीतरी उघड होतं. मग प्रश्न संस्थेपुरता राहत नाही, तुमच्या नोंदणीपर्यंत जातो. आणि त्या स्कूलमधल्या मुलींना शिक्षिकाच मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, छायांकित प्रती द्या, मूळ त्याच दिवशी परत घ्या.

पत्र किती लांब असावं आणि सोबत काय जोडावं?

ए-फोर कागदाचं एक पान. ईमेलने पाठवत असाल तर पत्र पीडीएफ करून जोडा आणि ईमेलमध्ये तीन ओळी लिहा: पद, पदवी, संपर्क. जोडायच्या प्रतींमध्ये दहावीपासूनची गुणपत्रकं, जीएनएम आणि पदवीची प्रमाणपत्रं, कौन्सिलची नोंदणी आणि नूतनीकरण, आणि अनुभवपत्रं असावीत. अनुभवपत्रावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन्ही तारखा, विभाग आणि पदनाम आहे का ते बघा. जुन्या हॉस्पिटलने फक्त 'येथे कार्यरत होत्या' एवढंच लिहून दिलं असेल तर आत्ताच जाऊन नीट करून आणा. नोकरी सोडून दहा वर्षं झाल्यावर तिथली मेट्रन बदललेली असते आणि जुनं रजिस्टर शोधायला कोणाला वेळ नसतो.

पत्र वाचून डेमो लेक्चरला बोलावलं. आता काय?

बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटं देतात आणि समोर दुसऱ्या वर्षाच्या मुली बसवतात. त्या सिस्टरने सलाइनचा प्रसंग लिहिला होता, म्हणून तिला विषयच 'इंट्राव्हेनस इन्फ्युजन' दिला गेला. पत्रात लिहिलेला प्रसंग पुष्कळदा असा परत समोर येतो. तिने फळ्यावर सूत्र लिहून सुरुवात केली नाही. दोन पाकिटं पहिल्या बाकावर ठेवली आणि मुलींना वाचायला लावली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, आमच्या वहीत तर १५ आहे.' तिने त्या मुलीलाच पुढे बोलावलं, पाकीट हातात दिलं आणि तिच्याकडूनच फळ्यावर १५ खोडून २० लिहून घेतलं.